अध्यापन-निवेदनातील घोषणांचे वर्गकृतीत रूपांतर

अध्यापन-निवेदन म्हणजे महाविद्यालयीन किंवा विद्यापीठीय शिक्षकाने आपण कसे आणि का शिकवतो हे सांगणारे एक-दोन पानी टिपण. इंग्रजीतले ‘टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट’ हे नावच अनेकांच्या तोंडी आहे. उत्तर अमेरिकेत प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत, नोकरीत कायम होताना आणि अध्यापन-पुरस्कारांसाठी ते मागतात. शिकवण्याच्या कामाची कागदपत्रे एकत्र ठेवण्याची कल्पना कॅनडातील विद्यापीठ शिक्षकांच्या संघटनेने १९८० च्या सुमारास पुढे आणली. पुढे अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा संचिका रूढ झाल्या आणि निवेदन हे त्यांचे पहिले पान बनले.

हे पान बहुधा घोषणांनी भरते. ‘विद्यार्थीकेंद्री अध्यापन’, ‘चिकित्सक विचारांना चालना’, ‘प्रत्येकाला सामावून घेणारा वर्ग’ अशी वाक्ये निवड समितीने आधीच्या अर्जांतही वाचलेली असतात. वाक्य घोषणा आहे की भूमिका, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे : याच्या उलट लिहिणारा एक तरी शिक्षक सापडेल का? ‘मी विद्यार्थ्यांना निष्क्रिय ठेवतो’ असे कोणी लिहीत नाही, म्हणून ‘मी त्यांना सक्रिय ठेवतो’ यातूनही काही कळत नाही. घोषणा खोटी असते असे नव्हे. पण तासाला नेमके काय घडते आणि त्याने काय बदलले, हे तिच्यात नसते.

हे अंतर कसे बुजते याचे नीट नोंदलेले उदाहरण हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांचे आहे. मझूर यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, आकडेमोडीची गणितेही ते बरी सोडवत. १९९२ साली हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांची बलविषयक संकल्पनांची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सूत्रे नसतात, रोजच्या भाषेतले प्रश्न असतात. त्याच धर्तीचे प्रश्न मझूर यांनी त्याआधीच वर्गाला दिले होते, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवले तशी द्यायची की मी एरवी विचार करते तशी? विद्युत परिपथाच्या बाबतीतही हेच दिसले. लांबलचक समीकरणे मांडणाऱ्या मुलांना, स्विच चालू केल्यावर कोणता दिवा जास्त उजळेल हे सांगता येईना. विद्यार्थ्यांचे चांगले अभिप्राय आणि त्यांचे शिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे इथे उघड झाले.

मझूर यांनी त्यावर जी पद्धत बसवली ती कुठल्याही वर्गात पाहून तपासता येते. थोडे विवेचन झाले की पडद्यावर एक संकल्पना-प्रश्न येतो. एक-दोन मिनिटे प्रत्येकजण एकटा विचार करून उत्तराचे मत देतो. बरोबर उत्तरे साधारण ३० टक्क्यांच्या खाली असतील तर शिक्षक संकल्पना पुन्हा समजावतो. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जातो. मधल्या पट्ट्यात असतील तर विद्यार्थी शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देतात आणि पुन्हा मत देतात. या आकड्यांमुळेच ही पद्धत निवेदनात लिहिण्याजोगी होते, कारण शिक्षक कधी काय करणार हे त्यांनी ठरते. इलेक्ट्रॉनिक यंत्र नसेल तर रंगीत कार्डांवरही काम भागते.

आता निवेदनातले वाक्य घेऊ. ‘माझा वर्ग विद्यार्थीकेंद्री असतो’ याच्या जागी असे लिहिता येईल : ‘न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या तासाला मी विचारतो की भरलेला ट्रक आणि छोटी कार धडकली तर कोणावर जास्त बल लागते. बहुतेकांचे पहिले मत कारकडे जाते. शेजाऱ्याशी चर्चा झाल्यावर मी पुन्हा मत घेतो, आणि पुढच्या तासाला हाच नियम लागणारा वेगळा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला देतो.’ शेवटचे अर्धे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. दुसऱ्या मतात बरोबर उत्तरे वाढली म्हणजे समज वाढलीच असे नाही, हुशार शेजाऱ्याचे उत्तर उचललेले असू शकते. कोलोरॅडो विद्यापीठातील मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आनुवंशिकीच्या वर्गात नेमके हेच तपासले. चर्चेनंतर त्याच संकल्पनेचा नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला तरी बरोबर उत्तरांचे प्रमाण वाढलेले राहिले. ज्या गटात आधी कोणालाच उत्तर येत नव्हते तिथेही वाढ दिसली.

पूर्ण सत्राचा परिणाम सांगायला भौतिकशास्त्रात सापेक्ष वाढ वापरतात : वर्ग जितका सुधारू शकत होता त्यातला किती भाग सुधारला. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची तुलना केली. पारंपरिक व्याख्यानांत ही वाढ सरासरी ०.२३, तर विद्यार्थ्यांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८ निघाली. निवेदनात आपला आकडा या दोहोंशेजारी ठेवला की वाचणाऱ्याला मोजमाप मिळते.

मात्र हा आकडा फुगतोही सहज. समजा, सत्राच्या आरंभी ६० विद्यार्थ्यांनी चाचणी दिली आणि सरासरी ४० टक्के आली. शेवटी ४८ जण उरले, त्यांची सरासरी ६७. मिळालेले २७ भागिले मिळू शकणारे ६०, म्हणजे वाढ ०.४५. पण मध्येच सोडून गेलेले १२ जण आरंभी २० टक्क्यांवर होते. उरलेल्या ४८ जणांची आरंभीची सरासरी काढली तर ती ४५ येते आणि वाढ २२ भागिले ५५, म्हणजे ०.४० होते. दोन्ही चाचण्या दिलेल्यांचीच तुलना करायची, आणि गळती किती झाली तेही सांगायचे. प्रश्न आधी फुटलेले असले, किंवा शिक्षकाने चाचणीतले प्रश्नच वर्गात घोटून घेतले, तर हिशेब बरोबर असूनही पुरावा निरुपयोगी ठरतो.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय हा निवेदनांतला सर्वांत लाडका पुरावा, पण परिणाम दाखवायला तो कच्चा आहे. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की सक्रिय पद्धतीच्या तासाला विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. मेंदूला पडलेल्या ताणाचा त्यांनी उलटा अर्थ लावला. तास स्पष्ट होता का, प्रश्न विचारायची भीती वाटत होती का, यासाठी अभिप्राय जरूर वापरावेत, कारण ते विद्यार्थीच सांगू शकतो.

सगळ्याच विषयांत अशी तयार चाचणी नसते. इतिहास किंवा साहित्य शिकवणाऱ्याला एकाच विद्यार्थ्याचा पहिला आणि अखेरचा निबंध एकाच निकषपत्रिकेने तपासता येतो. निबंधांवरची नावे आणि तारखा झाकून ते सहकाऱ्याकडून तपासून घेतले तर आपल्याच सुधारणेवर खूश होण्याचा धोका कमी होतो. तरीही एका वर्गाच्या आकड्यांवरून ‘या पद्धतीमुळेच’ असे म्हणता येत नाही, कारण विद्यार्थी इतर विषयही शिकत असतात आणि सत्रभरात मोठेही होतात. ‘मागच्या वर्षी याच प्रश्नावर इतके, यंदा इतके’ एवढेच लिहावे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत व्यक्तिगत निवेदनाची प्रथा फारशी नाही, पण घोषणेचा हाच पेच नॅक या मूल्यांकन संस्थेला द्यायच्या स्वयं-अध्ययन अहवालात भेटतो. त्यातील एका निकषाखाली अनुभवाधारित, सहभागी आणि समस्या-निराकरण अशा विद्यार्थीकेंद्री पद्धतींचे वर्णन मागितलेले असते. तिथे क्षेत्रभेटींची छायाचित्रे आणि हजेरीपत्रके जोडली जातात. कार्यक्रम झाला एवढे त्यांतून सिद्ध होते. भेटीपूर्वी आणि भेटीनंतर विद्यार्थ्यांनी त्याच प्रश्नाला दिलेली उत्तरे जोडली, तर कोण काय शिकले हेही वाचता येईल.