टॅग चुकला, पोस्ट नको मोडू

“टॅग चुकला तर पोस्ट डिलीट करूनच पुन्हा टाकावी लागते, एडिट केली की सगळ्यांना परत नोटिफिकेशन जातं.”

असं बरेच जण म्हणतात, पण फेसबुकवर उलटं आहे. आमच्या दंडारीच्या पोस्टमध्ये बारा जण टॅग होते. ढोलकीवाल्याऐवजी त्याच नावाचा नागपूरचा भलताच माणूस जोडला गेला. डिलीट करून पुन्हा टाकली असती तर ती नवी पोस्ट ठरून बाकी अकरा फोन पुन्हा वाजले असते, वर लाइक-कमेंटही गेल्या असत्या. म्हणून तीन ठिपक्यांतून एडिट उघडलं, चुकीचं नाव खोडलं, @ टाकून यादीतला फोटो पाहून आपला गडी निवडला. नोटिफिकेशन नव्या टॅगलाच जातं. खात्री करायची तर आधीच्या अकरांपैकी एकाचा फोन शेजारी ठेवा, तो वाजणार नाही. आणि पोस्टमधलं नवं नाव दाबून प्रोफाइल उघडलं नाही, तर टॅग लागलाच नाही, नुसतं नाव लिहिलं गेलं.