फेलिसितास्यों : फ्रेंच कार्यालयातील बढतीचे अभिनंदन

सहकाऱ्याला बढती मिळाल्यावर फ्रेंच भाषेत करावयाचे आपुलकीचे पण बेताचे अभिनंदन. यासाठीचा रूढ शब्द ‘फेलिसितास्यों’ असून तो या अर्थी नेहमी अनेकवचनी वापरतात. क्रियापद ‘फेलिसिते’.

व्युत्पत्ती : उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘फेलिकितारे’ म्हणजे सुखी करणे, मुळाशी ‘फेलिक्स’ (सुखी, भाग्यवान) हे विशेषण आहे. फ्रेंचमध्येही शब्दाचा आरंभीचा अर्थ ‘सुखी करणे’ असाच होता. ‘दुसऱ्याच्या सुखात आपला आनंद कळवणे’ हा अर्थ साधारणपणे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला असावा. निबंधकार गे द बाल्झाक (कादंबरीकार बाल्झाक नव्हे) याने या शब्दाची उघड बाजू घेतली. हा शब्द अजून फ्रेंच झाला नसेल तर पुढच्या वर्षी होईल आणि व्होजला त्याच्या आड येणार नाही, असे त्याने लिहिले होते. व्होजला हा त्या काळचा भाषाविषयक निवाडा देणारा मान्यवर; त्याचा प्रसिद्ध टिपणसंग्रह 1647 चा. यावरून शब्द त्या सुमारास नवखा आणि वादग्रस्त होता एवढे नक्की म्हणता येते. बाल्झाकनेच तो घडवला असे मानणे मात्र जास्तीचे ठरेल. जुना पर्याय ‘कोंग्रात्युले’ आज मागे पडला आहे. तो कार्यालयात वापरला तर थट्टेचा सूर येतो.

रचनेचा वाद : ‘फेलिसिते’ या क्रियापदानंतर बढतीचा उल्लेख जोडताना ‘च्याबद्दल’ या अर्थी ‘द’ हे अव्यय घ्यावे की ‘पूर’, यावर मतभेद आहेत. जुन्या कोशांचा कल ‘द’कडे आहे. काही जण भेद करतात : नशिबाने लाभलेल्या गोष्टीस ‘द’, कर्तबगारीस ‘पूर’. प्रत्यक्ष वापरात हा भेद काटेकोर पाळला जात नाही, म्हणून दोन्ही शुद्ध मानणेच सयुक्तिक. ‘फेलिसितास्यों’ या नामानंतर मात्र ‘पूर’च सहज वाटते : ‘फेलिसितास्यों पूर व्होत्र प्रोमोस्यों’, म्हणजे तुमच्या बढतीबद्दल अभिनंदन. ज्याला एरवी आदरार्थी ‘व्हू’ न म्हणता ‘त्यु’ म्हणजे ‘तू’ म्हणतो, त्याला ‘व्होत्र’ऐवजी ‘ता’, म्हणजे ‘तुझ्या’. बढतीच्या निमित्ताने संबोधन बदलू नये. कालपर्यंत ‘त्यु’ असलेल्या मित्राला आज ‘व्हू’ म्हटले, तर त्याला ते आदराऐवजी दुरावा वाटेल.

मजकुराची घडण : समजा, खरेदी विभागातील एक सहकारी त्याच विभागाची प्रमुख झाली आहे आणि दोघांत ‘व्हू’चे नाते आहे. नेमणूक आज सकाळी कळली, असे पहिले वाक्य. मग ‘तूत मे फेलिसितास्यों’, म्हणजे माझे संपूर्ण अभिनंदन. त्यानंतर ‘से ब्याँ मेरिते’ (हे अगदी योग्यच झाले) आणि लगेच त्याचे कारण : वर्षभर रखडलेला पुरवठादाराचा करार तिने मार्गी लावला. हे कारण वगळले तर मजकूर कोणालाही पाठवता येण्याजोगा राहतो. सगळी ऊब या एका वाक्यात आहे. शेवटी ‘प्लँ स्युक्से दाँ व्हो नुव्हेल फोंक्स्यों’, म्हणजे नव्या जबाबदारीत भरघोस यश, आणि सहीआधी ‘ब्याँ कोर्दियालमाँ’, म्हणजे अगदी सस्नेह. नुसते ‘कोर्दियालमाँ’ रोजच्या कामकाजाच्या पत्रातही असते, म्हणून येथे ते थोडे कोरडे पडते. एकूण चार-पाच वाक्ये पुरतात. पद स्त्रीचे असेल तर पदनाम स्त्रीलिंगी घ्यावे; फ्रेंच अकादमीनेही 2019 मध्ये पदनामांच्या स्त्रीलिंगी रूपांना तत्त्वतः हरकत नसल्याचे म्हटले.

मराठी भाषकांचे अडखळणे : ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ या अर्थी ‘बॉन कोंतिन्युआस्यों’ लिहिण्याचा मोह होतो. पण हे शब्द बहुधा नोकरी सोडून जाणाऱ्याला किंवा निरोप घेताना म्हणतात, त्यामुळे बढती मिळालेली व्यक्ती बुचकळ्यात पडते. ‘बों कुराज’, म्हणजे धीर धरा, यामध्ये पुढे कष्ट आहेत अशी सूचना असते, जवळच्या माणसाला हसून म्हटले तर चालते, लेखी नको. ‘मनःपूर्वक’साठी शब्दशः ‘द्यु फों द्यु कर’ घातले तर बढतीच्या मानाने सूर फार दाटून येतो. ‘आँफँ’ (अखेर!) हा उद्गार बढती उशिरा झाल्याचे सुचवतो, तोही टाळावा. वरिष्ठाला ‘तुमचा अभिमान वाटतो’ असे कळवणे तेथे मोठेपणा घेतल्यासारखे दिसते. त्याऐवजी आनंद झाल्याचे म्हणावे.

सरकारी सेवा : फ्रान्सच्या सरकारी सेवेत वरच्या पायरीवर किंवा श्रेणीत जाण्यासाठी ‘आव्हाँस्माँ’ ही संज्ञा आहे. वेतनाची पायरी मुख्यतः सेवाकाळानुसार चढत असल्याने तिच्यासाठी ‘मेरिते’ शोभत नाही. श्रेणी किंवा पद बदलले तर शोभते.

तोंडी रूप : समोरासमोर ‘ब्राव्हो’ आणि हस्तांदोलन पुरते. बढती मिळालेल्याने सहकाऱ्यांना पेयपानासाठी बोलावणे, म्हणजे ‘पो’, अनेक ठिकाणी रूढ आहे.