स्पाइक घालवायचा पण पायरी ठेवायची: अ‍ॅव्हरेज की मीडियन?

गोरेगावातल्या एखाद्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग घ्या. प्रत्येक जागेच्या वर स्लॅबला अल्ट्रासोनिक सेन्सर, दर पाच सेकंदांनी एक रीडिंग. जागा रिकामी असेल तर अंतर येतं 240 सेंटीमीटर, गाडी लागली की टपापर्यंत 90. आणि मधेच शेजारच्या सेन्सरची लहर हा पकडतो की एखादंच रीडिंग एकदम 12 येतं. ते 12 म्हणजे स्पाइक, ते उडवायचंय, पण 240 वरून 90 ची उडी म्हणजे पायरी, ती खरी आहे, तिला धक्का लागता कामा नये.

बहुतेक जण आधी मूव्हिंग अ‍ॅव्हरेज लावतात. म्हणजे प्रत्येक रीडिंग आणि त्याच्या आजूबाजूची मिळून पाच रीडिंगची खिडकी धरायची आणि त्या रीडिंगच्या जागी खिडकीची सरासरी ठेवायची. ही पाच रीडिंग बघा: 240, 241, 12, 240, 239. सरासरी येते 194.4. म्हणजे 12 गेलं नाहीच, उलट ते पाच वेगवेगळ्या खिडक्यांमध्ये मोडतं म्हणून सलग पाच रीडिंग पंचेचाळीसेक सेंटीमीटरनी खाली बसतात. गाडी आल्यावर तर आणखी पंचाईत, कारण आउटपुट 240, 210, 180, 150, 120, 90 असं उतरत जातं आणि मधली चारही अंतरं तिथे कधी नव्हतीच.

मीडियनमध्ये तीच पाच रीडिंग चढत्या क्रमाने लावायची आणि मधलं उचलायचं. 12, 239, 240, 240, 241, उत्तर 240. स्पाइक 12 असो नाहीतर 400, तो टोकाला जाऊन बसतो, किती मोठा आहे याने काही फरकच पडत नाही. आणि गाडी आली तेव्हा खिडकीत तीन 240 आणि दोन 90 असतील तर उत्तर 240, दोन आणि तीन झाले की थेट 90, मधलं काही नाही. फक्त पुढची दोन रीडिंग यायची वाट बघावी लागते, म्हणजे दहा सेकंद उशीर, पण तो पाचच्या मधोमध धरलेल्या अ‍ॅव्हरेजलाही असतोच.

पाचच्या खिडकीत दोन खराब रीडिंग चालतात, तीन सलग आली तर बहुमत त्यांचंच आणि मीडियन तेच खरं मानतो. स्पाइक पायरीला अगदी चिकटून आला तरी गडबड होते: 240, 12, 240, 90, 90 मध्ये मधलं रीडिंग 240 आहे पण मीडियन येतो 90, म्हणजे गाडी एक रीडिंग आधीच आली असं दिसतं.

रीडिंग सतत एकदोन सेंटीमीटर थरथरत असेल तर मात्र अ‍ॅव्हरेजच सरस. दोन्ही लावायचे असतील तर मीडियन आधी, आणि त्यानंतरचा अ‍ॅव्हरेज छोटा, तीनचा वगैरे, कारण तोही पायरी थोडी पसरवणारच. उलट क्रम लावलात तर अ‍ॅव्हरेज एका रीडिंगच्या स्पाइकचा पाच रीडिंग रुंद खड्डा करून ठेवतो, आणि तेवढा रुंद खड्डा पाचच्या मीडियनला काढता येत नाही.