उबदार बूट आतून का भिजतो?

टोरांटोत नव्याने आलेली मराठी मंडळी पहिला हिवाळी बूट घेतात, तो बहुधा खोक्यावरचा आकडा बघून. उणे ३२ लिहिलेला बूट उणे १० ला सहज पुरेल, हा हिशेब सरळ वाटतो. तरीही जानेवारीतल्या संध्याकाळी बसथांब्यावर पायाची बोटं बधिर होतात आणि दोष बुटाच्या माथी मारला जातो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज बर्फातून कामावर जाताना वापरलेल्या बुटाची खरी परीक्षा मात्र त्याच्या आतल्या पाण्यात असते.

आपण घेतलेला नमुना कॅनडात सर्रास दिसणारा आहे. खाली रबराचं कवच, वर चामडं आणि आत सुटं निघणारं, साधारण ९ मिलिमीटर जाडीचं फेल्टचं लायनर. वितळलेला बर्फ रबरातून आत येत नाही. पण आतली वाफही बाहेर जाऊ शकत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

फेल्ट स्वतः ऊब निर्माण करत नाही. त्याच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा पायाची उष्णता रोखून धरते. त्या हवेच्या जागी पाणी आलं, की ते हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. तळव्यावर घामाच्या ग्रंथी दाट असतात आणि माणूस नुसता बसलेला असला तरी त्या चालू असतात. सकाळी घरून थांब्यापर्यंत भरभर चाललं, मग तापवलेल्या गाडीत अर्धा तास तोच बूट घालून बसलं, की घामाची वाफ मोज्यातून लायनरमध्ये शिरते. ती बाहेरच्या, थंड बाजूकडे सरकते, गार रबराला भिडते आणि तिथे तिचं पाणी होतं. दिवसभर बूट पायातच राहिले तर संध्याकाळी बाहेर पडताना अर्धं लायनर ओलसर झालेलं असतं. शिवाय ते पाणी वाळताना लागणारी उष्णता पायाकडूनच घेतली जाते.

हे घरी पडताळता येतं. संध्याकाळी लायनर ओढून काढा आणि कवचात हात घाला. बोटांकडच्या टोकाला रबरावर थेंब लागतात, लायनरच्या टोकाची बाहेरची बाजू दमट लागते आणि पायाकडची मात्र जवळपास कोरडी. पाणी बाहेरून आलं असतं तर एखाद्या शिवणीपासून ओला पट्टा सुरू झाला असता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ लायनर तोलून पाहा. वाढलेले ग्रॅम म्हणजे साठलेलं पाणी.

खोक्यावरच्या आकड्यात हे पाणी धरलेलं नसतं. सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच चाचणी नाही. संरक्षक पादत्राणांच्या युरोपीय मानकातल्या थंडीच्या चाचणीत बूट उणे १७ अंशांत अर्धा तास ठेवतात आणि आतल्या तळाचं तापमान १० अंशांहून जास्त उतरता कामा नये, एवढंच पाहतात. तिथे घामाने दिवसभर भिजलेला पाय नसतो.

म्हणून या बुटाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लायनर सुटं निघणं. घरी आल्यावर ते आणि तळाचं इनसोल बाहेर काढून खोलीच्या तापमानाला उभं ठेवा. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी असल्याने बहुधा सकाळपर्यंत वाळतं. हीटरला टेकवून ठेवू नका. लोकरीचं फेल्ट आटतं, डिंक सुटतो, चामडं तडकतं. रोजच्या वापरासाठी लायनरचा दुसरा जोड घेऊन आलटून पालटून वापरणं उत्तम. कचेरीत पोहोचताच बूट काढून साधे जोडे घातले, तर निम्मं काम तिथेच होतं.

दोन जाड मोजे घालायची सवय मात्र सोडावी. घट्ट बुटात फेल्ट दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि रक्तप्रवाहही कमी होतो. लोकरीचा एकच मध्यम जाडीचा मोजा घालावा आणि बोटं मोकळी हलावीत एवढी जागा ठेवावी. चकचकीत फॉइलच्या ‘उष्णता परावर्तक’ इनसोलवर पैसे घालवू नयेत. परावर्तनाचा उपयोग व्हायला त्या पृष्ठभागापुढे हवेची फट लागते. इथे तर तळवा त्यावर दाबून उभा असतो.

हंगामाच्या शेवटी दोन जागा तपासा. पहिली म्हणजे चामडं आणि रबर जिथे शिवलेलं असतं ती रेघ, विशेषतः पाऊल वाकतं तिथे. रस्त्यावरचं मीठ चामड्यात शिरून ते कोरडं, कडक करतं आणि चीर तिथूनच सुरू होते. पांढरे डाग दिसताच ओल्या फडक्याने पुसत राहिलं तर हे बरंच टळतं. तपासायला आत सुकं वर्तमानपत्र भरून बूट शिवणीच्या वरपर्यंत पाण्यात दहा मिनिटं धरा. गळत असेल तर कागदावर डाग नेमक्या जागी उमटतो. दुसरी जागा टाचेखालची. तिथे फेल्ट रोजच्या वजनाने कायमचं चेपतं, आणि लायनर उजेडासमोर धरलं की पातळ झालेला भाग दिसतो. कवच शाबूत असेल तर नवं लायनर घेऊन तोच बूट पुढच्या हिवाळ्यात वापरता येतो. शिवणच गळायला लागली असेल, तर मात्र नव्या लायनरवर खर्च करू नये.