कॉम्प्रेसर हळू आवाज मोठा करत नाही

"कॉम्प्रेसर लावला की हळू बोललेलं आपोआप मोठं होतं ना?"

नाही हो, रेकॉर्डिंगमधला कॉम्प्रेसर फक्त मोठा आवाज दाबतो. थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी, -२० डीबी आणि रेशो, म्हणजे त्यावरचं किती पटीने दाबायचं ते, ३:१ धरा, जोरात हसलात आणि आवाज -८ ला गेला, म्हणजे १२ डीबी वर, तर त्यातले ४च उरतात, -१६ ला येतो, आणि -२६ ला असलेलं पुटपुटणं आहे तिथंच राहतं. ते वर येतं मेकअप गेनने, म्हणजे दाबल्यानंतर सगळाच आवाज वाढवला की, पण सोबत पंख्याची घरघरही येते, म्हणून आधी पंखा बंद करा. अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, १ मिलिसेकंद ठेवला तर प, ट, क ची धारच जाते, मी १० च्या आसपास ठेवते. रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, फारच कमी असला की वाक्यांमधले श्वास उसळून येतात, ते ऐकू आले तर १५० मिलिसेकंदांपर्यंत वाढवून बघा.