पुनर्परिचय (भाषा-मॉडेलशी संवाद)

भाषा-मॉडेलशी नवे संभाषण सुरू करताना आधीच्या कामाची गरजेपुरती माहिती स्वतः लिहून देणे म्हणजे पुनर्परिचय. मॉडेलला जे येते ते प्रशिक्षणात ठरून गेलेले असते. आपण बोललो म्हणून त्यात भर पडत नाही. त्याच्यापुढे असतो तो चालू संभाषणाचा मजकूर. काही अ‍ॅपमध्ये ‘मेमरी’ असते, पण तीत अ‍ॅपने साठवलेली थोडी टिपणे किंवा जुन्या संभाषणांतले निवडक भाग मॉडेलपुढे ठेवले जातात, अख्खी जुनी संभाषणे नव्हेत.

तरीही ‘मी सोलापूरचा टॉवेलवाला, आठवतोय ना?’ असे विचारले की कधीकधी ‘हो, बोला’ असे उत्तर येते. माणसांना पसंत पडतील अशी उत्तरे देण्याचे वळण मॉडेलला प्रशिक्षणातच लागलेले असते, आणि अशा प्रश्नाला माणसे सहसा होकारच देतात. शिवाय टॉवेलचा उल्लेख प्रश्नातच झालेला असतो. मॉडेल तोच परत करते आणि ओळख पटल्यासारखे वाटते. खातरजमा करायची तर काहीही न सुचवता जीएसएमबद्दल, म्हणजे टॉवेलच्या दर चौरस मीटरच्या ग्रॅममधील वजनाबद्दल, ‘मागच्या वेळी जीएसएम किती ठरला?’ असे विचारावे. किंवा ठरलेला आकडा ४५० असताना मुद्दाम ‘ते ६०० जीएसएमचे’ म्हणावे. मॉडेलने मान डोलावली, तर तो आकडा बहुधा त्याच्याजवळ नाही.

म्हणून ओळख विचारण्यात वेळ घालवू नये, ती करून द्यावी. हॉटेलला पाठवायच्या कोटेशनसाठी असा मजकूर पुरतो :

‘आम्ही सोलापुरात टेरी टॉवेल विणतो. पुण्यातील हॉटेलसाठी कोटेशनचे पत्र तयार करत आहोत. ठरलेले : ७५ × १५० सेंमी, ४५० जीएसएम, पांढरा, ६०० नग. बॉर्डरवर हॉटेलचे नाव विणायचे नाही, कारण त्यामुळे माल उशिरा निघेल. शेवटचा मसुदा खाली दिला आहे. त्यातील दुसरा परिच्छेद निम्मा करा. आकड्यांना हात लावू नका.’

यातले नाकारलेल्या गोष्टीचे वाक्य लोक हमखास गाळतात. ते नसेल तर मॉडेल नाव विणण्याची कल्पना नव्याने सुचवते, आणि कारण दिले नसेल तर तिचीच दुसरी आवृत्ती पुढे करते. मसुद्याचा सारांश देऊ नये, मसुदाच चिकटवावा. सारांशात नेमके शब्द हरवतात. उलट अख्खे जुने संभाषण चिकटवले तर रद्द झालेले दर आणि मापेही आत येतात आणि कोणते अंतिम ते मॉडेलला कळत नाही. ‘नेहमीप्रमाणे’, ‘आधीसारखे’ हे शब्द इथे निरुपयोगी आहेत. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक किंवा बँक खाते या कामाला लागत नाही, ते लिहू नये.

काम सुरू होण्याआधी ठरलेल्या बाबी मॉडेलकडून परत लिहवून घ्याव्यात. त्याचबरोबर एका टॉवेलचे वजन विचारावे : ०.७५ × १.५ × ४५०, म्हणजे सुमारे ५०६ ग्रॅम. आकडा वेगळा आला तर माप चुकीचे घेतले गेले की नुसता गुणाकार चुकला, हे परत लिहिलेल्या बाबींवरून लगेच दिसते.