विमानात विसरलेली वस्तू

विमान उतरल्यावर प्रवासी बाहेर पडतो आणि त्याने स्वतःजवळ बाळगलेली एखादी वस्तू आसनापाशी, समोरच्या खिशात किंवा डोक्यावरच्या कप्प्यात राहून जाते, त्या प्रकाराची ही नोंद आहे. चेक-इन केलेली बॅग बेल्टवर न येणे हा प्रकार वेगळा. त्या बॅगेला टॅग असतो, टॅगवर क्रमांक असतो आणि तक्रार केली की ‘पीआयआर’ नावाचा अहवाल तयार होतो. केबिनमध्ये राहिलेल्या चष्म्याला टॅग नसतो. तो कोणाचा आहे हे विमान कंपनीला केवळ आसन क्रमांकावरून आणि प्रवाशाने केलेल्या वर्णनावरून ताडावे लागते. पुढची सगळी गुंतागुंत यातूनच सुरू होते.

वस्तू कुठे राहिली यावर दाद कोणाकडे मागायची ते ठरते. विमानात राहिली असेल तर विमान कंपनी. एरोब्रिजच्या पुढे, बेल्टपाशी किंवा स्वच्छतागृहात राहिली असेल तर विमानतळ चालवणाऱ्या संस्थेचा ‘लॉस्ट अँड फाउंड’ विभाग. निघताना सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये राहिली असेल तर ती आधी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या म्हणजे सीआयएसएफच्या हाती लागते. विमानतळांवर सापडलेल्या वस्तूंची यादी हे दल आपल्या संकेतस्थळावर देते. लॅपटॉप विमानातच राहिला असे ठामपणे सांगणाऱ्या प्रवाशाचा लॅपटॉप पुष्कळदा या ट्रेमध्ये निघतो, कारण विमानात तो बॅगेतून काढलेलाच नसतो. म्हणून तक्रारीआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : वस्तू शेवटची हातात कधी होती?

विमान रिकामे झाल्यावर

देशांतर्गत मार्गावरचे एअरबस ए३२० विमान साधारण १८० प्रवासी घेऊन येते आणि बऱ्याचदा अर्ध्यापाऊण तासात पुढच्या शहराला निघते. एवढ्या वेळात जुने प्रवासी उतरायचे, कचरा उचलायचा, पट्टे नीट लावायचे, इंधन भरायचे आणि नवे प्रवासी चढवायचे असतात. यात कर्मचारी प्रत्येक रांग पाहतात, पण ते पाहतात ते सुरक्षेच्या नजरेने. बेवारस वस्तू आधी संशयास्पद आणि मग हरवलेली. त्यामुळेच एखादे विमान मध्ये थांबून पुढे जाणार असेल, तर आत बसून राहिलेल्या प्रवाशांना आपापले हातातले सामान ओळखायला सांगतात. ज्या बॅगेला कोणी ‘माझी’ म्हणत नाही ती खाली उतरवली जाते.

अशा पाहणीत बॅकपॅक सुटत नाही. सुटतात त्या चपट्या आणि काळ्या वस्तू : सुरक्षा-सूचनांच्या कार्डामागे सरकलेला ई-रीडर, आसन आणि भिंत यांच्या फटीत गेलेला फोन, खिशाच्या तळाशी बसलेली इअरफोनची डबी. वरच्या कप्प्याच्या अगदी मागे ढकललेली पिशवी बुटक्या माणसाला जमिनीवरून दिसत नाही, मग तो प्रवासी असो की कर्मचारी.

सापडलेली वस्तू केबिन क्रू साधारणपणे ग्राउंड स्टाफकडे देतात. उड्डाण क्रमांक, तारीख आणि आसन लिहून ती कंपनीच्या त्या विमानतळावरच्या नोंदीत जाते. येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की वस्तू जिथे सापडते तिथे नोंदली जाते, जिथे विसरली तिथे नव्हे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरीला उड्डाण क्रमांक बदलतो. प्रवाशाचे उड्डाण मुंबईत संपले तरी त्याचा चष्मा रात्रीपर्यंत इंदूर पाहून आलेला असू शकतो. विमानाची खरी ओळख म्हणजे त्याच्या अंगावर लिहिलेला नोंदणी क्रमांक, भारतात तो VT ने सुरू होतो. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर उड्डाण क्रमांक टाकला की हा नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्यावरून ते विमान नंतर कुठे गेले हेही दिसते. तक्रार नोंदवणाऱ्या माणसाला ही माहिती आयती दिली तर त्याचे अर्धे काम होते.

एक नमुना

समजा, एक बाई नागपूरहून मुंबईला संध्याकाळी ७:४० ला उतरल्या. आसन १४ए, खिडकीचे. समोरच्या खिशात सहा इंची ई-रीडर राहिला. टर्मिनल २ च्या बाहेर टॅक्सीच्या रांगेत ८:०५ ला त्यांना आठवण झाली. विमान ८:२५ ला गोव्याला निघणार आहे.

आत परत धावत जाणे शक्य नसते. आगमनाच्या दारातून बाहेर पडलेल्या प्रवाशाला उलटे आत सोडत नाहीत, आणि दारावरच्या जवानाशी वाद घालण्यात उरलेली वीस मिनिटे जातात. त्यांनी प्रस्थानाच्या मजल्यावर कंपनीचा काउंटर गाठावा, किंवा आगमनाच्या दारापाशी दिसेल त्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला थांबवावे. तो वायरलेसवर विमानापाशी असलेल्या सहकाऱ्याशी बोलू शकतो. दार बंद झाले नसेल तर क्रू १४ए वर बसलेल्या नव्या प्रवाशाला खिशात हात घालायला सांगते आणि काम दोन मिनिटांत होते. दार बंद झाले असेल, तर त्या ई-रीडरसाठी विमान थांबणार नाही.

आपल्या बाईंना उशीर झाला. आता लेखी तक्रार. ती कंपनीच्या संकेतस्थळावरच्या फॉर्मवर किंवा ईमेलने करावी, त्याच रात्री. तिच्यात उड्डाण क्रमांक आणि तारीख, पीएनआर, बोर्डिंग पासवरचे आसन आणि प्रत्यक्ष बसलेले आसन हवे. शेजाऱ्याला खिडकी दिली असेल तर हे शेवटचे फार महत्त्वाचे. वर्णन करताना ‘काळा ई-रीडर’ एवढे पुरत नाही. कंपनीचे नाव, पडद्याचा आकार, कव्हरचा रंग लिहावा. पण एक खूण मुद्दाम राखून ठेवावी, जशी कव्हरच्या आत उजव्या कोपऱ्यात सांडलेली निळी शाई. वस्तू सापडल्याचा फोन आला की ती खूण सांगितली, की मालकी सिद्ध होते. मूळ पावती किंवा वस्तूचा क्रमांक हाताशी असेल तर उत्तमच. तक्रारीचा संदर्भ क्रमांक मागून घ्यावा, तो नसेल तर दुसऱ्या दिवशी सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते.

विमान त्या रात्री गोव्यातच मुक्कामाला थांबले. रात्रीच्या मुक्कामात केबिनची सफाई सावकाश आणि नीट होते, म्हणून पहिल्या तासात न सापडलेल्या वस्तूची खरी आशा तिथे असते. इथे महाराष्ट्र-गोव्याच्या प्रवाशांना एक खास अडचण येते. गोव्यात २०२३ पासून दोन विमानतळ आहेत, दाबोळी (GOI) आणि मोपा (GOX). ‘गोव्याला चौकशी केली, नाही म्हणाले’ याचा अर्थ बहुधा चुकीच्या गोव्याला चौकशी केली एवढाच असतो. बाईंचे विमान मोपाला गेले होते, ई-रीडर तिथल्या नोंदीत सापडला. त्यांनी म्हापशाच्या मामेभावाला अधिकारपत्र, स्वतःच्या ओळखपत्राची प्रत आणि संदर्भ क्रमांक पाठवला. त्याने स्वतःचे ओळखपत्र दाखवून, रजिस्टरवर सही करून वस्तू घेतली.

मामेभाऊ नसता तर कुरिअर. त्याचा खर्च प्रवाशाचा, आणि काही कंपन्या वस्तू पाठवतच नाहीत, येऊन न्या म्हणतात. बॅटरीच्या वस्तूंना आणखी एक अडसर आहे : लिथियम बॅटरी हवाई मालवाहतुकीत धोकादायक माल गणली जाते. सुटी पॉवर बँक तर प्रवासी विमानाच्या मालकक्षातून पाठवताच येत नाही.

फोन राहिला तर

फोन विसरल्यावर सगळे पहिल्यांदा रिंग देऊन पाहतात, आणि ती बहुतेक वेळा लागत नाही. फोन चोरीला गेला म्हणून नव्हे, तर तो अजून फ्लाइट मोडवर आहे म्हणून. शोध-ॲपही अशा वेळी शेवटचे ठिकाण दाखवते, आणि ते कधी कधी निघालेल्या शहराचे असते. काही फोन ब्लूटूथवरून आसपासच्या दुसऱ्या फोनांमार्फत आपला पत्ता कळवतात, तेवढी वाट मोकळी असते. तरी ॲपमधून ‘लॉस्ट मोड’ लगेच लावावा आणि पडद्यावर दुसरा क्रमांक ठेवावा. फोन नेटवर्कमध्ये आला की तो संदेश उमटतो आणि सापडवणाऱ्याला काय करायचे ते कळते.

सिम बंद करून दुसरे घेण्यास उशीर करू नये, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. फोनचा ओळख क्रमांक म्हणजे आयएमईआय ब्लॉक करण्याची सोय दूरसंचार विभागाच्या सीईआयआर पोर्टलवर आहे. तिला पोलिस तक्रारीची प्रत लागते. मात्र विमान कंपनीचे ‘नाही सापडला’ असे उत्तर येईपर्यंत थांबलेले बरे. ब्लॉक उठवता येतो, पण ती आणखी एक फेरी. आयएमईआय क्रमांक खोक्यावर किंवा बिलावर असतो. *#06# दाबून तो पाहता येतो खरा, पण फोन हातात असतानाच.

विमान हवेत असताना फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे करू नये, क्रूला बोलवावे. आसनाच्या यंत्रणेत फोन चिरडला तर बॅटरी तापून पेट घेऊ शकते.

भरपाई आणि कायदा

आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यातील तरतूद अशी की प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाबाबत विमान कंपनी जबाबदार ठरते ती तिची किंवा तिच्या माणसांची चूक असेल तरच. खिशात ई-रीडर ठेवून उतरणे ही कंपनीची चूक नव्हे, तेव्हा विसरलेल्या वस्तूची भरपाई सहसा मिळत नाही. कंपनीने वस्तू ताब्यात घेतल्याची नोंद केली आणि मग ती गहाळ झाली, तर गोष्ट बदलते. त्या नोंदीची प्रत किंवा निदान ईमेल जपून ठेवावा. कंपनी उत्तरच देत नसेल तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

न नेलेल्या वस्तू किती दिवस ठेवायच्या याचे नियम प्रत्येक कंपनीचे आणि विमानतळाचे वेगळे. खाद्यपदार्थ मात्र कोणीच ठेवत नाही. विसरलेला पेढ्यांचा खोका शोधू नये. पासपोर्ट विसरल्यास कंपनीबरोबरच पोलिस आणि पासपोर्ट कार्यालयालाही कळवावे लागते, आणि परदेशात असल्यास भारतीय वकिलातीला. एकदा हरवला म्हणून रद्द झालेला पासपोर्ट नंतर सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही.

वस्तू पुढच्या प्रवाशाच्या हाती लागली तर? भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर, कोणी आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू सांभाळावी तशी ती सांभाळण्याची जबाबदारी येते. मालकाला परत देण्यासाठी उचलणे गुन्हा नाही. मालक कोण हे माहीत असताना किंवा सहज कळण्यासारखे असताना ती स्वतःसाठी ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अप्रामाणिक अपहार ठरतो. विमानात मालक कळणे अवघड नसते, १४ए वर आधी कोण बसले होते हे कंपनीला ठाऊक असते. म्हणून खिशात परका चष्मा सापडला तर डोक्यावरचे बटण दाबून क्रूच्या हाती द्यावा आणि आपला आसन क्रमांक सांगावा.